व्यापारी मुंबईचा, उणीव घरची

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या परीक्षांत एक प्रश्न वर्षानुवर्षं येतो. एखाद्या उद्योगाची हकिकत आठ-दहा वाक्यांत सांगायची आणि खाली लिहायचं, ‘या उद्योगाचे स्वॉट विश्लेषण करा.’ मग चार चौकोन आखायचे: बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके. पहिले दोन उद्योगाच्या आतले, पुढचे दोन बाहेरचे. एवढी व्याख्या पाठ नसलेला विद्यार्थी क्वचितच सापडतो. तरीही उत्तरपत्रिकांमध्ये निम्मी वाक्यं भलत्याच चौकोनात बसलेली असतात. गंमत म्हणजे चांगलं आणि वाईट यांत सहसा कोणी चुकत नाही. बलस्थान लिहायच्या जागी कोणी धोका लिहीत नाही. घोळ होतो तो आत आणि बाहेर यांत.

परीक्षेत येतो तसाच एक प्रसंग घेऊ. तो मी रचलेला आहे, पण कोकणात फिरलेल्याला त्यातलं काही नवीन वाटणार नाही.

‘कोकणातील एका गावात आंब्याचा रस डबाबंद करण्याचा घरगुती कारखाना आहे. मालकाची स्वतःची तीनशे कलमांची बाग आहे. तरीही लागणाऱ्या आंब्यापैकी निम्म्याहून अधिक आंबा बाहेरून घ्यावा लागतो. यंदा अवकाळी पावसाने मोहोर गळाला आणि कॅनिंगच्या आंब्याचा दर चढला. तयार मालापैकी सत्तर टक्के माल मुंबईचा एकच व्यापारी उचलतो. त्याने पैसे देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मालकाची मुलगी अन्न तंत्रज्ञानाचे शिक्षण घेऊन कारखान्यात रुजू झाली आहे. डबे सील करण्याचे यंत्र चालवू शकणारे दोनच कामगार होते; शेजारच्या तालुक्यातील कारखान्याने त्यांना जास्त पगारावर नेले. शहरांत खाद्यपदार्थ घरपोच मागवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गेली दोन वर्षे नफा घटतो आहे.’

नेहमीचं उत्तर साधारण असं येतं. बलस्थानं: स्वतःची बाग, भौगोलिक मानांकन. उणिवा: आंबा महागला, कामगार गेले, नफा घटला. संधी: ऑनलाइन विक्री सुरू करणे, शिकलेली मुलगी. धोके: एकच व्यापारी, पैसे उशिरा मिळणे. वरवर पाहिलं तर यात खटकण्यासारखं काही नाही. मात्र या नऊ नोंदींपैकी बिनशर्त बरोबर म्हणावी अशी एकच आहे, बाग.

मानांकनापासून सुरुवात करू, कारण ती चूक सगळ्यांत सभ्य दिसते. मानांकन चांगली गोष्ट, माल आपला हापूसचा, म्हणून ते आपलं बलस्थान, असा हिशेब असतो. पण 2018 मध्ये मिळालेलं मानांकन या कारखान्याला मिळालेलं नाही. ते हापूस या फळाला, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी मिळालं. आपला कारखाना उद्या बंद पडला तरी मानांकन जागच्या जागी राहील. मग ते आपल्या आतलं कसं? ती बाहेर उपलब्ध असलेली संधी आहे. तिचा लाभ घ्यायचा तर कायद्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती नोंदणी केलेली असेल, तर ‘आम्ही नोंदणीकृत वापरकर्ते आहोत’ हे वाक्य बलस्थानात जाईल. केली नसेल, तर ते वाक्य उणिवेत जाईल आणि संधी संधीच राहील. प्रसंगात नोंदणीचा उल्लेख नाही. त्यामुळे मानांकन संधीत लिहावं आणि तिथंच थांबावं. शेजारच्या गावातला प्रत्येक कॅनिंगवाला ज्या गोष्टीवर तेवढाच हक्क सांगू शकतो, ती आपली ताकद म्हणून मिरवण्यात अर्थ नसतो.

यातून मिळणारी कसोटी साधी आहे. प्रत्येक वाक्याला विचारायचं: हा उद्योग नसताच, तरी हे वाक्य खरं राहिलं असतं का? राहिलं असतं तर गोष्ट बाहेरची. उद्योगाबरोबरच वाक्यही नाहीसं होत असेल, तर गोष्ट आतली. अवकाळी पाऊस कारखाना नसता तरी पडलाच असता आणि आंब्याचा दर चढलाच असता. म्हणून ‘आंबा महागला’ हा धोका, उणीव नव्हे. शहरांत घरपोच मागवणारी माणसं वाढतच राहिली असती, म्हणून ती संधी. मुलीचं या कारखान्यात रुजू होणं मात्र कारखान्याशिवाय घडूच शकत नाही, म्हणून ते बलस्थान.

मुलीला संधीच्या चौकोनात टाकणारे पुष्कळ असतात. त्यामागची समजूत अशी की, आज हातात आहे ते बलस्थान आणि उद्या फळणार ते संधी. ही काळाची वाटणी स्वॉटमध्ये कुठंच नाही. मालक सत्तरीचा आहे आणि पुढं सांभाळणारं कोणी नाही, ही अडचण उद्याची असली तरी आतलीच, म्हणजे उणीव. बागेवर आत्ता, या क्षणी तुडतुडे पडलेत, हे संकट आजचं असलं तरी बाहेरून आलेलं, म्हणजे धोका. फक्त क्रियापद नीट वाचावं. प्रसंगात मुलगी ‘रुजू झाली आहे’ असं म्हटलंय. ती नुसती ‘शिकून गावी परतली आहे’ असं म्हटलं असतं, तर तिचं ज्ञान अजून कारखान्याचं झालेलं नाही. तेव्हा काटेकोर विद्यार्थ्यानं ती नोंद करताना हात जरा आखडता घ्यावा.

आता व्यापाऱ्याकडे येऊ. इथं वर्गात वाद ठरलेला असतो. कोणीतरी उठून विचारतंच, “मॅडम, व्यापारी मुंबईचा. आपल्या पगारावर नाही, आपल्या गावात नाही. मग तो बाहेरचाच ना?”

माणूस बाहेरचाच आहे. पण आपल्याला माणूस कुठं ठेवायचाय? आपल्याला वाक्य ठेवायचंय. ‘आमचा सत्तर टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जातो’ हे वाक्य व्यापाऱ्याबद्दल नाहीच, ते आपल्या विक्रीच्या घडणीबद्दल आहे. ही घडण कारखान्यानं स्वतः, वर्षामागून वर्ष, सोय म्हणून होऊ दिली. ती उणीव आहे. व्यापाऱ्यानं मुदत तीन महिन्यांवर नेली, हा मात्र त्याचा निर्णय. तो बाहेरून आला, म्हणून धोका. प्रसंगात ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बसवलेली असतात ती मुद्दाम. विद्यार्थी त्यांची एक मोळी बांधून ‘व्यापाऱ्याचा त्रास’ म्हणून धोक्यात टाकतो आणि अर्धे गुण घालवतो.

गुणांपेक्षाही महत्त्वाचा मुद्दा म्हणजे त्या मोळीवरून पुढं काय निर्णय होतो. सगळं धोक्यात टाकलं की मालक मुंबईला फोन लावत बसणार, विनवण्या करणार, कारण बाहेरच्या माणसापुढं दुसरं काय करता येतं? तेच सत्तर टक्क्यांचं वाक्य उणिवेत लिहिलं की प्रश्न बदलतो. पुढच्या हंगामापर्यंत सत्तरचे पन्नास कसे करायचे? कोल्हापूर, पुणे इथले आइस्क्रीमवाले, मिठाईवाले यांच्याकडे नमुने कधी पाठवायचे? कॅनिंगचा कारखाना वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने चालतो आणि बागायतदाराला आंब्याचे पैसे हातोहात लागतात. अशा धंद्यात तीन महिन्यांची उधारी एरवीही जड जाते. ती नाकारता येत नाही याचं कारण व्यापारी कठोर आहे हे नव्हे, तर दुसरं गिऱ्हाईक नाही हे आहे.

कामगारांच्या वाक्यातही अशीच गाठ आहे आणि ती अधिक घट्ट आहे, कारण कामगार आपल्याच आवारात वावरत होते. आवारात घडलं ते आतलं, असं मनात पक्कं बसलेलं असतं. वाक्य फोडून पाहू. शेजारचा कारखाना जास्त पगार देतो, हे त्याच्या घरचं आहे. आपण नसतो तरी तो तेवढाच पगार देत असता. हा धोका. सीलिंगचं यंत्र फक्त दोघांनाच चालवता येत होतं, तिसऱ्या कोणाला कधी शिकवलं नाही, हे आपलं. ही उणीव. दोन कामगार गेले ही या दोहोंच्या टकरीतून घडलेली घटना आहे. नुसती घटना चौकोनात लिहिली तर ती कुठंही लिहा, उपयोग सारखाच, म्हणजे काही नाही.

‘नफा घटला’चं दुखणं याच जातीचं. नफ्यातली घट हा ताप आहे, आजार नव्हे. ती आंब्याच्या दरामुळं आली, उधारीच्या व्याजामुळं आली की डबे वाया गेल्यामुळं, हे कळल्याशिवाय तिला आत किंवा बाहेर म्हणता येत नाही. काही परीक्षक ‘घटता नफा’ उणिवेत चालवून घेतात. मला ते पटत नाही. हाताशी रोकड नाही, असं प्रसंगात स्पष्ट लिहिलं असेल तर ती उणीव आहे, कारण ती कारखान्याची आजची स्थिती आहे. नुसता घटणारा आकडा हे कारणांचं फलित. प्रसंग लिहिणाऱ्यानं तो बहुधा सापळा म्हणूनच शेवटी ठेवलेला असतो. विद्यार्थ्यानं चौकोनांच्या खाली एक ओळ लिहावी: नफ्यातली घट ही वरच्या अमुक उणिवेचा आणि तमुक धोक्याचा परिणाम आहे.

राहिली ‘ऑनलाइन विक्री सुरू करणे’. माझ्या मते ही या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे. परीक्षेबाहेरही, बँकेला सादर करायच्या प्रकल्प अहवालांत आणि कंपन्यांच्या बैठकांत ती सर्रास दिसते. ऑनलाइन विक्री सुरू करणं ही कृती आहे. ती आपण करणार तेव्हा होणार. कसोटी लावा: कारखाना नसता तर या कारखान्याची ऑनलाइन विक्रीही नसती. म्हणजे ती बाहेरची गोष्ट नाही, म्हणून संधीही नाही. घरपोच मागवणाऱ्यांची वाढती संख्या ही संधी. तिच्यावर आपण काय करायचं हा पुढचा टप्पा, ती व्यूहरचना. चूक ओळखायची खूणही सोपी आहे. संधीच्या चौकोनातली नोंद ‘सुरू करणे’, ‘वाढवणे’, ‘उघडणे’ अशी संपली की समजावं, तिथं संधीऐवजी बेत लिहिलाय.

हा काटेकोरपणा कशासाठी, ते हाइन्झ वाइरिक यांच्या मांडणीवरून कळतं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातले हे प्राध्यापक. त्यांनी 1982 मध्ये याच चार चौकोनांची एक जाळी मांडली. स्वॉटची अक्षरं उलटी वाचून तिला त्यांनी ‘टोज’ हे नाव दिलं. एका बाजूला आतल्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या, आणि मधल्या खणांत त्यांच्या जोड्या लावून निघणारे निर्णय. आमच्या प्रसंगात ‘अन्न तंत्रज्ञान शिकलेली मुलगी’ हे बलस्थान आणि ‘घरपोच मागणी’ ही संधी, यांची जोडी लागली की निर्णय दिसतो: लहान पाकिटांत, घरच्या वापरासाठी रस काढायचा. त्याच संधीसमोर ‘सत्तर टक्के एकाच गिऱ्हाइकाला’ ही उणीव ठेवली की दुसरा निर्णय दिसतो: थेट विक्रीतून व्यापाऱ्याचा वाटा उतरवायचा. विद्यार्थ्यानं संधीच्या चौकोनातच ‘ऑनलाइन विक्री’ लिहून टाकली, की जोडी लावायला बाहेरची बाजू उरतच नाही. उत्तर आधीच लिहिलेलं असतं, आणि ते या कारखान्याला झेपेल का हे तपासायची जागा निघून जाते. वाइरिकच्या नावात धोके आणि संधी आधी येतात, तो क्रम विद्यार्थ्यांनी उचलावा असं मी सांगते. आधी बाहेरचं सगळं लिहून काढलं की आतलं आपोआप वेगळं पडतं. उलट क्रमानं गेलं की बलस्थानांचा चौकोन जे जे चांगलं दिसेल ते ओढून घेतो.

एक चूक या प्रसंगात येत नाही, पण कोडॅकच्या प्रश्नात हमखास येते. डिजिटल छायाचित्रणाच्या लाटेत ही अमेरिकी कंपनी बुडाली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे विद्यार्थी धोक्यात एकच शब्द लिहितो, ‘डिजिटल’. पण डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्यानं बनवला होता. मग ‘डिजिटल’ बलस्थान की धोका? नुसत्या शब्दाला हा प्रश्न विचारताच येत नाही. ‘डिजिटल कॅमेऱ्याचं तंत्र कंपनीकडे लवकर आलं होतं’ हे बलस्थान. ‘कंपनीची मोठी कमाई फिल्मवर अवलंबून होती’ ही उणीव. ‘ग्राहक फिल्म सोडून डिजिटलकडे वळत होते’ हा धोका. 2012 च्या जानेवारीत कंपनीनं दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं, हे यांपैकी कुठंच बसत नाही, तो परिणाम. एकाच शब्दातून तीन चौकोन भरले, कारण चौकोनात पूर्ण वाक्यं लिहिली. म्हणून एका शब्दाच्या नोंदींना गुण देऊ नयेत, असं माझं मत आहे. माझे काही सहकारी यावर हसतात.

पाठ्यपुस्तकांत आत-बाहेरची कसोटी सहसा वेगळी दिलेली असते: नियंत्रणात ते आतलं, नियंत्रणाबाहेरचं ते बाहेरचं. ती बऱ्याचदा चालते, पण नाजूक जागी दगा देते. मालकाचं वय त्याच्या नियंत्रणात नाही, तरी ते आतलं. व्यापाऱ्याशी घासाघीस करून मुदत दोन महिन्यांवर आणता येईल, म्हणजे थोडं नियंत्रण आहे, तरी तो बाहेरचा. आणि गिऱ्हाइकाच्या मनातला विश्वास? तो दुसऱ्याच्या डोक्यात राहतो, हुकूम देऊन वाढवता येत नाही. तरी ‘या कारखान्याच्या डब्यावर लोकांचा विश्वास आहे’ हे कारखान्याचं बलस्थानच, कारण कारखाना काढून टाकला तर विश्वास ठेवायला काही उरत नाही.

दुसरीही एक कसोटी सांगतात: शेजारच्या स्पर्धकालाही लागू पडतं का? मानांकनाच्या वेळी ती कामी आली. पण ती एकतर्फी वापरावी. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट बाहेरची, हे बहुधा खरं. मात्र फक्त आपल्यालाच लागू म्हणून गोष्ट आतली, हे खरं नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात नेमकं आपल्याच कारखान्याचं आवार जात असेल, तर झळ एकट्याला बसते, पण निर्णय बाहेरचाच असतो.

‘उद्योग नसता तर’ ही माझी कसोटीही एका ठिकाणी अडते: उद्योगाची हद्द कुठं संपते हेच स्पष्ट नसेल तेव्हा. महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. सहकारी साखर कारखाना घ्या. उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, ती बाहेरची. 2023 च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंधनं आणली, तीही बाहेरची. जुनी, वाफ खाणारी यंत्रसामग्री आतली. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण सभासद शेतकरी? तो भागधारक आहे, संचालक मंडळ निवडतो, म्हणजे कारखाना त्याचाच. तोच ऊस पुरवतो, आणि शेजारच्या खासगी कारखान्यानं टनाला चार पैसे जास्त दिले की ऊस तिकडे घालतो. ‘सभासद ऊस बाहेर घालतात’ हे वाक्य कुठं जाईल?

इथं उत्तराच्या पहिल्या ओळीत हद्द आखून घ्यावी लागते. ‘कारखाना म्हणजे सभासदांसह संपूर्ण संस्था’ असं लिहिलं, तर सभासदांना धरून ठेवता न येणं ही संस्थेची उणीव आणि खासगी कारखान्याचा चढा दर हा धोका. ‘कारखाना म्हणजे गाळप करणारा उद्योग आणि त्याचं व्यवस्थापन’ असं लिहिलं, तर शेतकरी इतर कोणत्याही पुरवठादारासारखा हद्दीबाहेर जातो आणि त्याचं दुसरीकडे जाणं धोक्यात बसतं. मी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देते. गुण कापते ते हद्द न आखता तोच सभासद ‘निष्ठावान सभासद’ म्हणून बलस्थानात आणि ‘ऊस पळवणारे शेतकरी’ म्हणून धोक्यात लिहिणाऱ्याचे.